एक प्रश्न, दोन त्रिकोण: साइन आणि कोसाइन नियमांच्या एका सरावपत्रिकेचा अभ्यास

काटकोन नसलेले त्रिकोण सोडवण्याच्या सरावपत्रिकेतला सहावा प्रश्न दिसायला अगदी साधा होता: त्रिकोण ABC मध्ये ∠A = 40°, a = 7 सेमी आणि b = 10 सेमी, तर बाजू c काढा. a ही कोन A च्या समोरची बाजू, b ही B च्या समोरची, ही नेहमीची रीत. आधीचे पाच प्रश्न बहुतेकांनी सुरळीत सोडवले होते. इथे मात्र वह्यांमध्ये तीन वेगवेगळी उत्तरे आली, आणि प्रत्येक उत्तरामागे स्वतंत्र कारण होते.

बहुतेकांनी c = 10.43 सेमी लिहिले. एका विद्यार्थ्याने ‘असा त्रिकोण अस्तित्वात नाही’ असे लिहून खाली रेघ मारली. एका विद्यार्थिनीने 10.43 आणि 4.89 अशी दोन उत्तरे काढली, मग 4.89 वर काट मारली आणि शेजारी लिहिले, ‘एका त्रिकोणाला एकच उत्तर’. या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तिच्याच हाती लागले होते आणि तिने स्वतःहून त्यातले अर्धे खोडले, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडावेसे वाटते.

आधी आकृती काढून पाहू, कारण या प्रश्नातली गोची कागदावर कंपासने काढल्यावरच डोळ्यांना दिसते. बिंदू A पासून एक आडवा किरण काढा. त्या किरणाशी 40° चा कोन करणारी 10 सेमी लांबीची रेघ वरच्या बाजूला काढा. तिचे टोक म्हणजे C. बाजू b झाली. आता B कुठे येईल? B आडव्या किरणावर हवा आणि C पासून 7 सेमी अंतरावर हवा. कंपासमध्ये 7 सेमी घेऊन C वर टोक रोवून कंस काढला, की तो किरणाला एकदा A च्या जवळ छेदतो आणि एकदा लांब. दोन्ही छेदनबिंदू दिलेल्या तिन्ही अटी तंतोतंत पाळतात. एक B घेतला की आडव्या बाजूची लांबी सुमारे 4.9 सेमी भरते, दुसरा घेतला की सुमारे 10.4. पट्टीने मोजूनही हे कळते, एकही सूत्र लागत नाही.

आता 10.43 हे एकच उत्तर कसे आले ते पाहू. इथे कोन A आणि त्याच्या समोरची बाजू a दोन्ही माहीत आहेत, म्हणून साइन नियम घेतला, आणि ते योग्यच होते. sin B / b = sin A / a यावरून sin B = 10 × sin 40° / 7 = 0.9183 मिळते. कॅल्क्युलेटरवर sin⁻¹ दाबले की 66.67° येते. मग C = 180° − 40° − 66.67° = 73.33°, आणि c = 7 × sin 73.33° / sin 40° = 10.43. प्रत्येक पायरी बरोबर आहे. तरीही उत्तर अपुरे राहिले, कारण sin⁻¹ चे बटण धन संख्येसाठी फक्त 0° ते 90° मधलाच कोन देते. त्रिकोणाचा कोन मात्र 180° च्या आतला कोणताही असू शकतो, आणि sin 66.67° जितका असतो तितकाच sin 113.33° असतो. म्हणजे समीकरणाचे दोन कोन होते, बटणाने एक दाखवला आणि दुसरा विचारल्याशिवाय पुढे आलाच नाही.

दुसरा कोन घेऊन पाहिला तर B = 113.33°, C = 180° − 40° − 113.33° = 26.67°, आणि c = 7 × sin 26.67° / sin 40° = 4.89. हाच A च्या जवळचा छेदनबिंदू.

यातली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. 10.43 लिहिणाऱ्यांपैकी काहींनी पडताळासुद्धा केला होता. त्यांनी कोसाइन नियमात c = 10.43 ठेवून a पुन्हा काढली, ती 7 आली आणि ते निर्धास्त झाले. पडताळ्याने फक्त इतकेच सिद्ध होते की काढलेला त्रिकोण खरा आहे. आणखी एखादा त्रिकोण राहून गेला आहे का, हे पडताळा कधीच सांगत नाही. त्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: sin B वरून B काढला, मग 180° − B चालतो का? चालतो की नाही हे ठरवायला एक बेरीज पुरते. 40° + 113.33° = 153.33°, 180° पेक्षा कमी, म्हणजे तिसऱ्या कोनाला जागा उरते. दुसरा त्रिकोण खरा आहे. हीच बेरीज 180° किंवा जास्त आली असती तर दुसरा कोन बाद झाला असता.

‘त्रिकोण अस्तित्वात नाही’ हे उत्तर वाचताना आधी वाटले की विद्यार्थ्याने बाजूंची अदलाबदल केली असेल. वहीत मांडणी तर बरोबर होती. sin B ची किंमत मात्र 1.064 लिहिली होती, आणि sin ची किंमत 1 पेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून त्याने त्रिकोणच नाकारला. त्याचा तर्क निर्दोष होता, आकडा चुकीचा होता. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला होता. 40 रेडियनचा साइन 0.7451 येतो, त्याला 10 ने गुणून 7 ने भागले की बरोबर 1.064. ही चूक फसवी आहे, कारण इथे ती निरर्थक उत्तर न देता पटण्यासारखा निष्कर्ष देते. त्रिकोण नसणे ही या प्रकारच्या प्रश्नात खरीखुरी शक्यता असते. म्हणून सरावपत्रिकेला हात लावण्याआधी sin 30 दाबून 0.5 येते का, ते पाहायचे. आणि ‘त्रिकोण नाही’ असे उत्तर आले, की आकृती काढून कंस खरोखर किरणापर्यंत पोचत नाही ना, याची खात्री करायची. इथे कंस किरणाला दोनदा छेदतो हे आकृतीत दिसले असते, तर 1.064 वर लगेच संशय आला असता.

आता त्या विद्यार्थिनीच्या वहीकडे येऊ. तिने साइन नियम वापरलाच नाही. तिला c हवी होती, कोन B किंवा C नको होते, म्हणून तिने A साठी कोसाइन नियम लिहिला: a² = b² + c² − 2bc cos A. आकडे घातल्यावर 49 = 100 + c² − 20c cos 40°, म्हणजेच

c² − 15.32c + 51 = 0

हे c मधले वर्गसमीकरण आहे. त्याची मुळे 10.43 आणि 4.89 आहेत; दोन्ही धन, दोन्ही खरी. पडताळ्याला त्यांचा गुणाकार करून पाहावा, तो 51 येतो. या मांडणीत काहीही लपत नाही. कोणता कोन घ्यायचा, 180° मधून कधी वजा करायचे, हे प्रश्नच उद्भवत नाहीत, कारण वर्गसमीकरण आपली दोन्ही मुळे आपणहून देते. ती अडली ती शेवटी, दोन मुळांपैकी एक टाकून द्यायचे असते या सवयीमुळे. लांबी ऋण येते तेव्हा ते मूळ टाकतात हे तिला माहीत होते. इथे दोन्ही धन आली, तर कोणते टाकायचे? तिने लहान टाकले.

वर्गात चर्चा झाली तेव्हा तिने विचारले, “सर, मग दोन्ही लिहायची का? पण प्रश्नात तर ‘c काढा’ एवढेच आहे.” तिचा आक्षेप रास्त होता. दोन्ही लिहायची, आणि प्रत्येक उत्तरासोबत त्या त्रिकोणाचे कोनही लिहायचे, म्हणजे वाचणाऱ्याला कळते की हे दोन वेगळे त्रिकोण आहेत. पहिल्या त्रिकोणात कोन 40°, 66.67°, 73.33° आणि c = 10.43, दुसऱ्यात 40°, 113.33°, 26.67° आणि c = 4.89. पहिल्याची 66.67° ची जोडी दुसऱ्याच्या 4.89 शी लावली तर उत्तर चूक ठरते, आणि असे घडतेही. प्रश्नात ‘B विशालकोन आहे’ किंवा ‘c ही सर्वांत मोठी बाजू आहे’ असे काही दिले असते तरच एक उत्तर टाकता आले असते. पहिल्या त्रिकोणात c सर्वांत मोठी आहे, दुसऱ्यात b. त्यामुळे तेवढी एक अट निवड करायला पुरली असती.

यावरून वर्गातला पुढचा प्रश्न निघाला: आधीच्या पाच प्रश्नांत असे दोन त्रिकोण का निघाले नाहीत? उत्तर शालेय भूमितीतच आहे. एकरूपतेच्या कसोट्या आठवा: बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा. कसोटीचा अर्थच हा, की तेवढी माहिती दिली की त्रिकोण एकच ठरतो. तीन बाजू दिल्या असतील किंवा दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन दिला असेल, तर दुसरा त्रिकोण निघण्याचा प्रश्नच नाही. ‘बाबाको’ नावाची कसोटी मात्र कोणी शिकवत नाही, आणि ती का नाही याचे कारण म्हणजे हा सहावा प्रश्न: दोन बाजू 7 आणि 10, एक कोन 40°, आणि तो कोन त्या दोन बाजूंच्या मधला नाही. कर्ण-भुजा कसोटी वरवर बाबाकोसारखी दिसते, पण तिथे दिलेला कोन 90° चा असतो आणि कर्ण ही त्याच्या समोरची मोठी बाजू असते, म्हणून तिथे संदिग्धता उरत नाही.

नियम कोणता निवडायचा हेही याच नजरेने पाहावे. मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट शोधायला सांगतो: एखादी पूर्ण जोडी दिली आहे का, म्हणजे एक कोन आणि नेमकी त्याच्याच समोरची बाजू? जोडी असेल तर साइन नियम चालतो, कारण त्याच्या एका बाजूचे गुणोत्तर पूर्ण माहीत असते. दोन कोन आणि एक बाजू दिली असेल तर तिसरा कोन वजाबाकीने मिळतो आणि जोडी तयार होते, म्हणून तेही साइन नियमाचेच प्रश्न. जोडी नसेल, म्हणजे बाबाबा किंवा बाकोबा, तर साइन नियमाच्या प्रत्येक गुणोत्तरात काहीतरी अज्ञात राहते आणि गाडी हलत नाही. तिथे कोसाइन नियमाने सुरुवात करावी लागते. पहिल्या पाच प्रश्नांची निवड एवढ्यावर झाली. सहाव्यात जोडी होती, म्हणून साइन नियमाची निवडही बरोबर होती. संदिग्धता निवडीत नव्हती, दिलेल्या माहितीत होती. कोसाइन नियमाने गेले तरी ती सुटली नाही, दोन मुळांच्या रूपाने समोर आली, हे त्या विद्यार्थिनीच्या वहीने दाखवूनच दिले.

आठव्या प्रश्नात याच्या उलट प्रकार घडला, आणि तो अधिक घातक आहे. बाजू a = 5, b = 6, c = 9; तिन्ही कोन काढा. बाबाबा, म्हणजे त्रिकोण एकच. एका मुलाने कोसाइन नियमाने A काढला: cos A = (36 + 81 − 25) / 108 = 0.8519, म्हणून A = 31.59°. इथपर्यंत उत्तम. आता जोडी हाती आली, म्हणून पुढे सोपा साइन नियम घेतला आणि C काढला: sin C = 9 × sin 31.59° / 5 = 0.9428, म्हणून C = 70.53°. उरलेला B = 77.88°. तिघांची बेरीज 180° येते, कारण शेवटचा कोन वजाबाकीनेच काढला आहे. त्या बेरजेने काहीच तपासले जात नाही.

चूक ओळखायची खूण बाजूंच्या क्रमात आहे. मोठ्या बाजूसमोर मोठा कोन असलाच पाहिजे. इथे c = 9 सर्वांत मोठी, पण तिच्यासमोर 70.53° आणि b = 6 समोर 77.88°. हे अशक्य आहे. खरा C कोसाइन नियमाने काढला तर cos C = (25 + 36 − 81) / 60 = −1/3, म्हणजे C = 109.47°, आणि B = 38.94°. 70.53° हा 109.47° चाच 180° मधला पूरक कोन आहे. Sin⁻¹ च्या बटणाने पुन्हा लघुकोन दिला आणि इथे तो खोटा निघाला.

दोन्ही प्रश्नांतला फरक नीट लक्षात घ्यायला हवा. सहाव्या प्रश्नात sin⁻¹ चे दोन्ही कोन खरे होते. आठव्यात एकच खरा होता, आणि बटणाने नेमका दुसरा दिला. त्यामुळे ‘साइन नियमाने कोन काढला की दोन उत्तरे लिही’ असा सरसकट नियम मुलांना दिला तर आठव्या प्रश्नात ती अस्तित्वात नसलेला दुसरा त्रिकोण लिहून मोकळी होतात. असे लिहिलेले मी पाहिले आहे. आधी माहितीचा प्रकार ओळखायचा. बाबाबा आणि बाकोबामध्ये उत्तर एकच.

यावर खात्रीचा उपाय आहे. तीन बाजू दिल्या असतील तर सर्वांत मोठ्या बाजूसमोरचा कोन आधी कोसाइन नियमाने काढावा. cos⁻¹ चे बटण 0° ते 180° मधला कोन देते आणि विशालकोनासाठी cos ऋण येतो, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. त्रिकोणात विशालकोन एकच असू शकतो आणि तो सर्वांत मोठ्या बाजूसमोरच असतो. तो आधी निकालात निघाला की उरलेले दोन्ही कोन लघुकोनच असतात, मग साइन नियम निर्धास्तपणे वापरावा. दोन बाजू आणि मधला कोन दिला असेल तर तिसरी बाजू कोसाइन नियमाने काढल्यावर, दिलेल्या दोन बाजूंपैकी लहान बाजूसमोरचा कोन आधी काढावा. तो विशालकोन असूच शकत नाही.

या दोन प्रश्नांनंतर सरावपत्रिकेचा शेवटचा भाग नव्याने बांधला. वेगवेगळे आठ-दहा त्रिकोण देण्याऐवजी ∠A = 40° आणि b = 10 कायम ठेवले आणि फक्त a बदलत नेली. C पासून किरणावर टाकलेला लंब सगळे ठरवतो; त्याची लांबी b sin A = 10 × 0.6428 = 6.43. a = 5 असेल तर कंस किरणापर्यंत पोचतच नाही, sin B = 1.286 येतो आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो. हा खरा ‘त्रिकोण नाही’. a = 7 चे दोन त्रिकोण आपण पाहिले. a = 10 झाली की एक छेदनबिंदू थेट A वर येतो, तो त्रिकोण राहत नाही, आणि उरतो एक समद्विभुज त्रिकोण, c = 15.32. a = 12 घेतली तर B = 32.39° किंवा 147.61°, पण 147.61° + 40° ही बेरीज 180° च्या पलीकडे जाते, म्हणून एकच त्रिकोण, c = 17.79. यामागचे कारण मुलांनी स्वतः शोधले: a ही b पेक्षा मोठी असेल तर A हा B पेक्षा मोठा हवा, आणि A 40° चा असताना B विशालकोन होऊच शकत नाही. म्हणून संदिग्धता तपासायची वेळ तेव्हाच येते, जेव्हा दिलेल्या लघुकोनासमोरची बाजू दुसऱ्या दिलेल्या बाजूपेक्षा लहान असते. दिलेला कोन काटकोन किंवा विशालकोन असेल तर दोन त्रिकोण निघतच नाहीत.

मधला एक टप्पा सरावपत्रिका लिहिणाऱ्यांसाठी धोक्याचा आहे. कंस किरणाला फक्त टेकतो आणि एकच काटकोन त्रिकोण मिळतो, अशी स्थिती दाखवायची म्हणून a = 6.43 लिहिली, तर काय होते? खरा लंब 6.4279 आहे. 6.43 त्यापेक्षा किंचित मोठी, म्हणून sin B = 0.9997 येतो आणि B = 88.53° किंवा 91.47°: दोन त्रिकोण! एक दशांश स्थळ घेऊन 6.4 लिहिली तर sin B 1 च्या पुढे जातो आणि त्रिकोणच राहत नाही. 90° च्या आसपास साइनची किंमत इतकी सावकाश बदलते, की चौथ्या दशांशातल्या फरकाने कोन दीड अंशाने सरकतो. म्हणून ही स्थिती द्यायची असेल तर ∠A = 30°, b = 10, a = 5 द्यावे; तिथे लंब नेमका 5 येतो आणि कुठेही पूर्णांकन करावे लागत नाही.

शेवटी तेच आकडे शाब्दिक उदाहरणात घातले, कारण ‘दोन उत्तरे’ ही मुलांना अजूनही प्रश्नातली त्रुटी वाटत होती. एक जहाज A पासून सरळ रेषेत निघते. त्या वेळी दीपस्तंभ C त्याच्यापासून 10 किमी दूर आहे आणि जहाजाच्या मार्गाशी 40° च्या कोनात दिसणाऱ्या दिशेला आहे. दीपस्तंभाचा प्रकाश 7 किमीपर्यंत पोचतो. जहाज किती अंतर गेल्यावर प्रकाशाच्या टप्प्यात असेल? समीकरण तेच, c² − 15.32c + 51 = 0, मुळेही तीच. 4.89 किमी गेल्यावर जहाज प्रकाशात शिरते, 10.43 किमीवर बाहेर पडते, आणि मधले 5.54 किमी प्रकाशात असते. इथे एक मूळ खोडले तर निम्मी हकीकतच नाहीशी होते. काट मारणाऱ्या त्याच विद्यार्थिनीने हे उदाहरण फळ्यावर सोडवले, आणि 7.66 किमीवर जहाज दीपस्तंभाच्या सर्वांत जवळ, म्हणजे 6.43 किमीवर असते, हेही दोन मुळांची सरासरी काढून दाखवले.

मग एकाने विचारले, की प्रकाश 12 किमी पोचत असेल तर? तेव्हा समीकरण होते c² − 15.32c − 44 = 0, आणि मुळे 17.79 आणि −2.47. त्रिकोणाच्या प्रश्नात −2.47 टाकून द्यायचे, कारण बाजूची लांबी ऋण नसते. जहाजाच्या प्रश्नात त्यालाही अर्थ आहे: A वर असताना जहाज आधीच प्रकाशात होते, आणि तेच जहाज त्याच सरळ मार्गाने A ला आले असेल, तर A च्या 2.47 किमी मागे ते प्रकाशात शिरले होते.